सरासरीचा प्रश्न: एक सदस्य सोडून गेला, पण पुढचा शब्द फोटोत नाही

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. माझा भाचा आठवीत आहे, आचऱ्याला असतो. मित्राच्या सराव पुस्तकातल्या एका पानाचा फोटो त्याने मला पाठवला आणि "मावशी, सातवा प्रश्न सोडवून दे" म्हणून मागे लागलाय. पुस्तक पुरतं उघडलेलं नाही. डावीकडचं पान शिवणीकडे वळलंय, त्यामुळे ओळींची टोकं आत गेलीत. जेवढं वाचता येतं तेवढं इथे टंकते:

"एका भजनी मंडळातील १५ सदस्यांचे सरासरी वय ३२ वर्षे आहे. त्यातील एक सदस्य मंडळ सोडून गेल्यामुळे उरलेल्या सदस्यांचे सरासरी वय १ वर्षाने ……
तर मंडळ सोडून गेलेल्या सदस्याचे वय किती?
(१) १७ (२) १८ (३) ४६ (४) ४७"

टिंबं दिलीत तिथे एक शब्द आहे, तो अजिबात दिसत नाही. शिवाय "१ वर्षाने" मधला तो अंक १ आहे की ९, याचीही मला खात्री नाही. त्याच्यावर बोटाची सावली आहे. पुस्तक मित्राकडे आहे आणि मित्र सोमवारी भेटणार. तोपर्यंत काही करता येईल का?

रापण

ताई, थांबायची गरजच नाही. माणूस गेला म्हणजे सरासरी कमी होणार. तो शब्द "घटते" असाच असणार.

१५ × ३२ = ४८०
१४ × ३१ = ४३४
४८० − ४३४ = ४६

पर्याय ३. मी भरतीची तयारी करतोय, असले प्रश्न रोज सोडवतो. उत्तर पर्यायांत सापडलं की वाचन बरोबर, हा माझा नियम.

कोकमसरबत

माझं उत्तर ४७ येतंय. एक जण गेला, त्याच्या जागी दुसरा आला आणि सरासरी १ ने वाढली. पंधरा जणांची मिळून वाढ १५. ३२ + १५ = ४७. पर्याय ४ मध्ये आहे की.

खाडीकाठ

कोकमसरबत, "त्याच्या जागी दुसरा आला" असं प्रश्नात कुठे आहे? मी टंकलंय त्यात तरी नाही, आणि फोटोतही तेवढी जागा नाही. एकच शब्द झाकलाय.

हर्णैचे मास्तर

ताई, आधी अंकाचं बघू, कारण ते नव्या फोटोशिवाय सुटतं.

समजा तो ९ आहे. सरासरी ९ ने कमी झाली असं धरलं तर उरलेल्या १४ जणांची सरासरी २३ आणि बेरीज ३२२. आधीची बेरीज ४८०. गेलेल्याचं वय १५८ निघतं. आता सरासरी ९ ने वाढली असं धरून बघा. १४ जणांची सरासरी ४१, बेरीज ५७४. म्हणजे एक माणूस उठून गेला आणि बेरीज ४८० वरून ५७४ झाली, गेलेल्याचं वय उणे ९४. दोन्ही बाजूंनी अशक्य. तेव्हा तो १ च आहे, याबद्दल शंका ठेवू नका. देवनागरी छपाईत १ आणि ९ अंधुक फोटोत एकमेकांसारखे दिसतात. अशा वेळी दोन्ही अंक घालून हिशेब करून बघायचा. पुष्कळदा एक वाचन आपणहून बाद होतं.

झाकलेल्या शब्दाचं मात्र तसं होत नाही. "घटते" धरलं तर रापण म्हणतात तसं ४६. "वाढते" धरलं तर १४ × ३३ = ४६२, आणि ४८० − ४६२ = १८. शेहेचाळीस वर्षांचा माणूस भजनी मंडळात असतो, अठरा वर्षांचा मुलगाही असतो. आणि दोन्ही उत्तरं पर्यायांत आहेत.

रापण, म्हणून तुमचा नियम इथे चालत नाही. चारही पर्याय एकदा शेजारी ठेवून बघा. ३२ मधून १४ वजा केले की १८, १४ मिळवले की ४६. ३२ मधून १५ वजा केले की १७, १५ मिळवले की ४७. प्रश्न काढणाऱ्याने दिशेची चूक आणि संख्येची चूक अशा दोन्ही चुकांसाठी जागा करून ठेवली आहे. यातून एक गोष्ट पक्की होते: सदस्य १५ आणि फरक १ चा, हे आपण बरोबर वाचलंय. नाहीतर चारही पर्याय असे जुळलेच नसते. पण वाढ की घट, याबद्दल पर्याय एक अक्षर बोलत नाहीत.

रापण

मास्तर, अंकाचं पटलं. पण शब्दाचं नाही पटलं. मंडळातून कोणी गेलं तर वाढेल कसं? असलेलं कमी होणारच ना.

हर्णैचे मास्तर

कमी होते ती बेरीज. ती नेहमीच कमी होते, कारण जाणारा आपली वर्षं घेऊन जातो. पण सरासरी म्हणजे ती बेरीज भागिले माणसं, आणि माणसंही एकाने कमी झालीत. दोन्ही कमी झाल्यावर भागाकार कुठे जाईल ते जाणाऱ्याच्या वयावर ठरतं. तो ३२ हून मोठा असेल तर सरासरी उतरेल. लहान असेल तर चढेल. नेमका ३२ वर्षांचा असेल तर तो गेल्याचं सरासरीला कळणारसुद्धा नाही, १४ × ३२ = ४४८ आणि ४४८ + ३२ = ४८०.

भाच्याला सूत्र न देता सांगायचं असेल तर असं सांगा. सरासरी ३२ म्हणजे सगळ्यांची वर्षं एकत्र करून सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ३२ येतात. त्या वाटणीत अठरा वर्षांचा मुलगा बसलेला आहे. त्याच्याकडे स्वतःची १८ च आहेत, ३२ व्हायला १४ कमी पडतात. ती १४ वर्षं कुठून आली? बाकीच्या १४ जणांनी एकेक दिलं. मुलगा मंडळ सोडून गेला, ज्याचं त्याचं एक वर्ष परत आलं, म्हणून उरलेले सगळे ३३ वर आले.

शेहेचाळीसवाल्याचं याच्या उलट. त्याच्याकडे १४ जास्त होती, त्यातलं एकेक त्याने चौदा जणांना दिलं होतं. तो गेला आणि ते एकेक वर्ष घेऊन गेला, म्हणून बाकीचे ३१ वर आले.

कोकमसरबत

हे छान समजलं. मी "सोडून गेल्यामुळे" वाचल्यावर पुढचं मनाने जोडलं, कारण आमच्या क्लासात बदलीचेच प्रश्न जास्त असायचे. पण मग बदलीच्या प्रश्नात माझं ४७ बरोबर आलं असतं ना?

हर्णैचे मास्तर

नाही, तिथेही आलं नसतं. एकाच्या जागी दुसरा आला तर माणसं पंधराच राहतात आणि बेरीज १५ ने वाढते, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण ती १५ ची वाढ नव्या आणि जुन्या माणसाच्या वयांतला फरक असते. जाणारा २० वर्षांचा असेल तर येणारा ३५ चा, जाणारा ४० चा असेल तर येणारा ५५ चा. तुम्ही १५ मिळवले ते ३२ मध्ये, म्हणजे जाणारा नेमका ३२ चा होता असं न सांगता धरलंत. बदलीच्या प्रश्नात जाणाऱ्याचं किंवा येणाऱ्याचं वय दिलेलं असावंच लागतं. नसेल तर फक्त फरक सांगता येतो. इथे तसं वय दिलेलं नाही. झाकलेल्या जागेचा विचार न करता नुसता प्रश्न वाचला तरी हा बदलीचा नव्हे, एवढं त्यावरून ओळखता येतं.

खाडीकाठ

भाच्याला फोनवर सांगितलं. त्याची शंका अशी: "१४ ने गुणायचं की १५ ने? आमचे सर एकदा १५ ने गुणतात आणि तरी उत्तर बरोबर येतं." मला नीट सांगता आलं नाही.

रापण

याचं मी सांगतो, कारण हे आम्हाला क्लासात पाठच करून घेतात. सदस्य सोडून गेला तर उरलेल्यांच्या संख्येने गुणायचं आणि जुन्या सरासरीत मिळवायचं किंवा वजा करायचं. सदस्य नवा आला तर नव्या एकूण संख्येने गुणायचं आणि जुन्या सरासरीत मिळवायचं किंवा वजा करायचं. दहा सेकंदांत उत्तर.

हर्णैचे मास्तर

रापण यांनी दिलेलं दोन्ही बरोबर आहे. सरांचंही बरोबर आहे, ते दुसऱ्या सरासरीपासून मोजत असणार. "वाढते" धरून बघा. जुन्या सरासरीपासून निघालात, तर ३२ − १४ = १८. नव्यापासून निघालात, तर ३३ − १५ = १८. जोड्या ठरलेल्या आहेत: ३२ बरोबर १४, ३३ बरोबर १५. गोंधळ होतो तो जोडी तुटली की. ३२ मधून १५ वजा केले की १७, आणि तो तर पर्यायांत पहिलाच ठेवलाय.

नव्यापासून मोजताना १५ का, हेही मुलाला दिसू शकतं. तो मुलगा मंडळात असताना ३३ च्या मानाने चौदा जण प्रत्येकी १ ने खाली होते आणि मुलगा स्वतःही त्या ३२ वरच बसला होता. म्हणजे सगळे मिळून १५ जण एकेकाने खाली. ती पंधराची तूट एकट्या त्या मुलामुळे.

नवा सदस्य येतो तेव्हाही हाच विचार. पंधरा जण ३२ वर आहेत, सोळावा आला आणि सरासरी ३३ झाली. त्याने आधीच्या पंधरा जणांना एकेक वर्ष दिलं आणि स्वतःजवळ ३३ ठेवली. १५ + ३३ = ४८. मुलं हमखास ४७ लिहितात, कारण पंधरा जणांना दिलेली पंधरा वर्षं ती ३२ मध्ये मिळवतात. आलेल्यालाही नव्या सरासरीवर बसायचं असतं, ते एक वर्ष राहून जातं.

सड्यावरचा

गणितात मी पडत नाही. फोटोचं सांगतो, कारण माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि असे फोटो छापायला दिवसभर येत असतात. पुस्तक टेबलावर ठेवून शिवणीजवळ तळहाताने दाबून धरायला सांगा, तरच ओळीचं टोक वर येतं. मोबाईल पानाला समांतर हवा. तिरका धरला की शिवणीकडची अक्षरं आणखी चेपतात. फ्लॅश नको, गुळगुळीत कागदावर पांढरा डाग पडतो. खिडकीचा उजेड बाजूने येऊ दे आणि मुलाला खिडकीकडे पाठ करून उभं राहू नको म्हणावं, त्याचीच सावली पडते. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडायला सांगा. फोटो म्हणून गेला की आकार कमी होतो, मग मोठा करून बघितलं तरी अक्षरं फुटतात. सगळं पान नको. प्रश्न क्रमांक दिसेल एवढा तुकडा जवळून, आणि त्याच प्रश्नाचे दोन फोटो.

वेंगुर्ल्याची सुमती

माका वाटता माझो प्रश्न हयच बसतलो. सगळ्यांका समजात म्हणून पुढे साध्या मराठीत लिहिते.

आमच्या बचत गटात बारा जणी होत्या. वहीत दर तिमाहीला शेवटी "सरासरी जमा" लिहितात. तेव्हा ६,१०० रुपये होती. मग एक जण मुलाकडे पनवेलला कायमची गेली आणि आपली जमा घेऊन गट सोडला. पुढच्या पानावर अकरा जणींची सरासरी ६,३०० लिहिली आहे, आणि मधल्या काळात कोणी काही भरलेलं नाही. मास्तरांच्या पद्धतीने मी केलं: १२ × ६,१०० = ७३,२००. ११ × ६,३०० = ६९,३००. फरक ३,९००. पण तिला दिलेले तर ४,८०० रुपये! नऊशे रुपये जास्त गेले की काय? आमच्यात यावरून कुजबुज सुरू झाली आहे. आणि दुसरी गोष्ट, काही जणी म्हणतात सरासरी वाढली म्हणजे गटाचं बरं झालं. तसं आहे का?

रापण

हिशेब तर सरळ आहे. ३,९०० द्यायला हवे होते. वहीत काहीतरी गडबड आहे.

हर्णैचे मास्तर

सुमतीताई, जरा थांबा, कोणावर बोट ठेवू नका. मला एक सांगा, वहीतल्या सगळ्या सरासऱ्या अशाच पूर्ण शेकड्यांत आहेत का?

वेंगुर्ल्याची सुमती

हो. आमची वही लिहिणारी म्हणते, सुटे रुपये कशाला, जवळचा शेकडा लिहिते.

हर्णैचे मास्तर

मग तिथेच आहे सगळं. ६,१०० लिहिलंय ती सरासरी खरी ६,०५० पासून ६,१५० च्या आतपर्यंत कुठेही असू शकते. बारा जणींनी गुणलं की बेरीज ७२,६०० ते ७३,८०० च्या दरम्यान. ६,३०० लिहिलंय ती ६,२५० ते ६,३५० च्या दरम्यान, म्हणजे अकरा जणींची बेरीज ६८,७५० ते ६९,८५०. आता गेलेलीची जमा काढा. कमीत कमी ७२,६०० − ६९,८५० = २,७५०. जास्तीत जास्त ७३,८०० − ६८,७५० = ५,०५०. तिला दिलेले ४,८०० या दोहोंच्या मध्ये बसतात.

उदाहरणच घ्या. बारा जणींची खरी बेरीज ७३,७०० असेल तर सरासरी ६,१४१ रुपये आणि काही पैसे, वहीत ६,१००. त्यातून ४,८०० गेले, उरले ६८,९००. अकरांनी भागले तर ६,२६३ च्या थोडं वर, वहीत ६,३००. वही बरोबर आणि दिलेले पैसेही बरोबर असू शकतात.

सरासरीवरून मागे एका माणसापर्यंत जायचं तर सरासरीतली छोटी कसर माणसांच्या संख्येने गुणली जाते. बारा जणींत पन्नास रुपयांची कसर सहाशे होते. म्हणून पैशाच्या कामात सरासरीवरून जमा काढू नका, तिच्या नावाचं पान उघडा. पाठ्यपुस्तकात हा त्रास नसतो, तिथे ३२ म्हणजे नेमके ३२ धरायचे असतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर भजनी मंडळात आलंच आहे. जाणारीची जमा सरासरीपेक्षा कमी होती म्हणून सरासरी चढली. उरलेल्या अकरा जणींपैकी कोणाच्याही नावावर एक रुपया वाढलेला नाही, आणि गटाची एकूण जमा तर कमी झाली आहे. कर्ज द्यायला हाताशी पैसा किती, हे एकूण जमेवरून ठरतं.

वेंगुर्ल्याची सुमती

मास्तर, जीव भांड्यात पडला. तिच्या नावाचं पान उद्या बैठकीत उघडायला लावते. पण त्या ४,८०० मध्ये व्याजाचा वाटा धरलाय की नुसती जमा, यावर पण वाद आहे.

हर्णैचे मास्तर

ते गणितातून निघणार नाही. गटाचा ठराव काय म्हणतो त्यावर आहे. ठराव बघा.

कोकमसरबत

मूळ प्रश्नाबद्दल एक सुचतंय. आमच्या थोरलीच्या वेळी आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन पर्याय रंगवायचे होते. हा तसला प्रश्न असेल तर १८ आणि ४६ दोन्ही रंगवायचे?

हर्णैचे मास्तर

तसल्या प्रश्नात दोन अचूक पर्याय निवडा अशी स्पष्ट सूचना छापलेली असते. आणि तसं असतं तर "बदलते" असा शब्द लागला असता. "१ वर्षाने" नंतर एकाच शब्दापुरती जागा आहे असं ताई म्हणतात. तिथे "बदलते" असू शकेल का, हे मी ठामपणे नाकारणार नाही. पण एका माणसाचं वय विचारणाऱ्या प्रश्नात मी तसं कधी पाहिलेलं नाही.

खाडीकाठ

नवा फोटो आला! मित्र आजच घरी आला होता. सड्यावरचा यांनी सांगितलं तसं पुस्तक दाबून, खिडकीशी, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलाय. अक्षर न् अक्षर स्पष्ट. शब्द आहे "वाढते". आणि अंक १ च.

म्हणजे उत्तर १८, पर्याय २. भाच्याने स्वतः पडताळलं: १४ × ३३ = ४६२, त्यात गेलेला मुलगा परत आणून बसवला, ४६२ + १८ = ४८०, भागिले १५, बरोबर ३२.

पण आता नवंच निघालं. त्याने पाठची उत्तरसूचीही पाठवली आहे आणि त्यात प्रश्न ७ पुढे ३ छापलंय. म्हणजे ४६!

रापण

बघा, मी म्हणत होतो. उत्तरसूची ४६ म्हणते.

हर्णैचे मास्तर

उत्तरसूची ४६ म्हणत असेल, पण प्रश्नात "वाढते" छापलंय. ४६ वर्षांचा माणूस गेल्यावर सरासरी ३३ होऊ शकत नाही. करून बघा: ४८० − ४६ = ४३४, भागिले १४ म्हणजे ३१. छापील उत्तर प्रश्नातच परत घालून बघायचं, मग दोन्ही जुळतात की नाही ते समोर येतं. ताई, एक काम करा. सूचीची ओळ सरकली आहे का ते बघा. प्रश्न ६ आणि ८ ची उत्तरं जुळतात का? पुष्कळदा एक उत्तर गळतं आणि खालची सगळी एकेक घर वर जातात.

खाडीकाठ

बघितलं. सहावा जुळतो, आठवा आणि नववाही जुळतात. फक्त सातव्याचंच चुकतंय.

हर्णैचे मास्तर

मग ओळ सरकलेली नाही, चूक या एकाच प्रश्नापुरती आहे. प्रश्नात "घटते" लिहायचं होतं आणि "वाढते" छापलं गेलं, की प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर चुकलं, हे पानावरून ठरवता येणार नाही. भाच्याने वहीत १८ लिहावं, शेजारी पडताळा लिहावा आणि सरांना दाखवावं. छापलेल्या शब्दांना धरून तेच उत्तर आहे.

रापण

मास्तर, पण परीक्षेत पडताळ्याला वेळ कुठून आणायचा? शंभर प्रश्न असतात. सूत्र लावायचं आणि पुढे जायचं. वर्गात बसून दोन बेरजा करणं वेगळं.

हर्णैचे मास्तर

सूत्राला माझा विरोध नाही. फक्त गुणाकाराच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: गेलेला सरासरीपेक्षा मोठा की लहान? "वाढते" वाचलं की लहान, म्हणजे उत्तर ३२ च्या खाली. एवढ्यानेच ४६ आणि ४७ बाद झाले, उरले १७ आणि १८. मग १४ की १५, एवढंच ठरवायचं. याला दोन सेकंद लागतात.

रापण

ठीक आहे, हे करून बघेन. तरी माझं मत आहे की भरतीला सूत्र पाठ असणाराच पुढे जातो. बरं, आता माझा एक घ्या. कालच्या सराव पेपरात होता आणि माझं सूत्र त्याला लागतच नाही. हेच मंडळ, १५ जण, सरासरी ३२. दोन सदस्य एकदम सोडून गेले आणि सरासरी १ ने वाढली. दोघांची वयं किती?

कोकमसरबत

एकाला १८ तर दोघांना प्रत्येकी १८?

खाडीकाठ

भाचा फोनवरच करतोय. १३ × ३३ = ४२९. ४८० − ४२९ = ५१. दोघांची मिळून ५१ वर्षं. १८ आणि १८ म्हणजे ३६ होतात, ते जुळत नाही. पण तो विचारतोय, २० आणि ३१ की २५ आणि २६, ते कसं ठरवायचं?

हर्णैचे मास्तर

शाबास त्याला. ५१ इथपर्यंतच जाता येतं. रापण, तुमच्या पेपरात दोघांबद्दल आणखी काही दिलंय का बघा, वयांतला फरक किंवा गुणोत्तर. त्याही प्रश्नाचा फोटो टाका, आणि कडेची ओळ सुटू देऊ नका.